एका पानावर दोन फोटो : नमुन्यांचा पीडीएफ अल्बम कसा बसवावा

कापडाच्या धंद्यात नमुन्याचे पुस्तक पूर्वी खरोखरच पुस्तक असे. जाड पुठ्ठ्यावर कापडाचे तुकडे चिकटवायचे, खाली शाईने डिझाइन नंबर लिहायचा आणि ते ओझे घेऊन दलाल गावोगाव फिरायचा. आजही असे पुस्तक हातात घेतल्याशिवाय सौदा न करणारे जुने गिऱ्हाईक आहेत. पण बहुतेक दुकानदार आता फोनवरच सांगतात, "फोटो पाठवा." सुटे चाळीस फोटो पाठवले की कोणता नंबर कोणत्या फोटोचा याचा घोळ होतो. म्हणून आपल्यातले बरेच व्यापारी फोटोंचा पीडीएफ अल्बम करून पाठवू लागले आहेत. हा अल्बम व्यवस्थित कसा बसवावा, हे मी नुकसान सोसून शिकलो. ते व्यापारी आणि कारागीर बांधवांना सांगावे म्हणून हा लेख.

२०२२ साली मी लुंगीच्या वीस डिझाइनांचा पहिला अल्बम घरच्या कॉम्प्युटरवर केला. एक फोटो टाकला, एन्टर दाबत दाबत खाली आलो, नंबर लिहिला, पुन्हा पाच-सहा एन्टर मारले, दुसरा फोटो टाकला. दिसायला सगळे ठीक होते. मग एका नंबरापुढे रंगाचे नाव लिहायचे राहिले आहे असे ध्यानात आले. ते लिहिले तर ओळ वाढली, आणि तिथून पुढची प्रत्येक गोष्ट एकेक ओळ खाली सरकली. चौथ्या पानावरचा नंबर पाचव्या पानाच्या डोक्यावर जाऊन बसला. मला ते दिसले नाही. नांदेडकडच्या एका दुकानदाराने अल्बम पाहून २१४ नंबरच्या लुंग्या मागवल्या, मी २१४ पाठवल्या, आणि गठ्ठा उघडल्यावर त्यांचा फोन आला, "भाई, आम्ही निळी चौकडी पाहून ऑर्डर दिली, तुम्ही हिरवी पाठवली." चूक त्यांची नव्हती. निळ्या चौकडीच्या खाली माझ्याच अल्बमात २१४ लिहिलेले होते. जाण्यायेण्याचे भाडे मी भरले.

त्या दिवशी एक गोष्ट समजली. एन्टर मारून सोडलेली जागा ही जागा नसते, ती रिकामी ओळ असते. अक्षराचा आकार बदलला, फाँट बदलला, एखादा शब्द वाढला की तिची उंची किंवा ठिकाण बदलते. अंतर सारखे ठेवायचे असेल तर ते मोजून ठरवलेल्या चौकटीत बांधावे लागते. करघ्यावर फणीची घरे आधी ठरतात आणि धागा नंतर ओवला जातो, त्याच रीतीने आधी रिकामी चौकट करायची आणि फोटो शेवटी टाकायचे.

आता माप पाहू. ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच असतो. डावीकडे २५ मिलिमीटर समास सोडावा, कारण काही गिऱ्हाईक अल्बम छापून फायलीत लावतात आणि भोक पाडायला जागा लागते. बाकी तिन्ही बाजूंना १५ पुरे. म्हणजे कामाची उंची उरली २६७ मिलिमीटर. बहुतेक फोनचा साधा फोटो चारास तीन या प्रमाणात निघतो. तो आडवा धरून १४० मिलिमीटर रुंद ठेवला तर उंची बरोबर १०५ येते. असे दोन फोटो एकाखाली एक ठेवले की २१० मिलिमीटर गेले. उरलेल्या ५७ मध्ये दोन फोटोंखालची माहिती आणि मधली जागा बसवायची आहे.

इथेच बहुतेक अल्बम बिघडतात. फोटो, मग थोडी जागा, मग नंबर, मग तितकीच जागा, मग दुसरा फोटो, अशी वाटणी केली तर मधला नंबर वरच्या फोटोचा की खालच्याचा, हे पाहणाऱ्याला कळत नाही. कोणी तो खालच्या फोटोचे शीर्षक समजून वाचतो. म्हणून नंबर आपल्या फोटोला अगदी लागून हवा आणि दोन फोटोंच्या जोड्यांमधली जागा त्याच्या कितीतरी पट हवी. मी फोटो आणि माहिती यांत २ मिलिमीटर ठेवतो आणि पुढच्या फोटोआधी १५ मिलिमीटर कोरी जागा सोडतो. एवढा फरक असला की बाण किंवा रेघ काही काढावे लागत नाही.

मी हे काम LibreOffice Writer मध्ये करतो. तो फुकट मिळतो आणि जुन्या कॉम्प्युटरवरही चालतो. Format मधल्या Page Style मध्ये जाऊन कागद A4 आणि वरचे समास भरावेत. मग Table, Insert Table मधून एक कॉलम आणि पाच ओळींचा तक्ता घ्यावा. त्याच खिडकीत Heading या शब्दापुढे खूण असेल तर ती काढावी. ती राहिली आणि तक्ता पुढच्या पानावर गेला, तर पहिली ओळ, म्हणजे आपला पहिला फोटो, तिथेही पुन्हा उमटू शकतो.

पाच ओळींची उंची अशी ठेवतो. पहिली १०७ मिलिमीटर, ती फोटोची. दुसरी १६, ती माहितीची. तिसरी १५, ती कोरी. चौथी पुन्हा १०७ आणि पाचवी पुन्हा १६. बेरीज २६१ होते, म्हणजे पानात ६ मिलिमीटर शिल्लक राहतात. फोटो १०५ चा आणि ओळ १०७ ची का, असे कोणी विचारील. फोटो ओळीत अक्षरासारखा बसतो आणि त्याच्या खाली अक्षराच्या शेपटाएवढी जागा कॉम्प्युटर आपोआप सोडतो. बरोबर १०५ ची ओळ केली तर फोटोची कड कापली जाते. तेच २ मिलिमीटर फोटो आणि माहिती यांच्यातले अंतर म्हणूनही कामी येतात. फोटोच्या ओळीतल्या अक्षराचा आकार मात्र २ करून ठेवावा.

उंची भरायला कर्सर त्या ओळीत ठेवून Table, Size, Row Height मध्ये जावे. तिथे माप सेंटिमीटरमध्ये असते, म्हणून १०७ ऐवजी 10.70 लिहावे. खाली Fit to size असे लिहिलेले असते, त्याची खूण काढावी. सगळ्या कामाची किल्ली ही आहे. खूण राहिली तर आत मजकूर वाढला की ओळ फुगते आणि माझ्या पहिल्या अल्बमसारखी सरकासरकी सुरू होते. खूण काढली की ओळ हलत नाही. याचा एक तोटाही आहे. माहितीची तिसरी ओळ लिहिलीत तर ती चौकटीबाहेर जाऊन नुसती दिसेनाशी होते, कोणी तक्रार करत नाही. म्हणून माहिती दोन ओळींतच बसवायची, हे आधी ठरवून टाकावे.

त्यानंतर Table, Properties उघडावे. तक्त्याची जागा Center आणि रुंदी 14.00 करावी, म्हणजे फोटोची डावी कड आणि माहितीची डावी कड एका रेषेत येतात. Text Flow मध्ये तक्ता पानांवर तुटू देण्याची परवानगी असते, Allow table to split या शब्दांपुढे, ती काढावी. Borders मध्ये रेघा काढून टाकाव्यात आणि Padding सगळीकडे शून्य करावे. Padding म्हणजे चौकटीच्या आतली कड. ती एक-एक मिलिमीटर राहिली तरी १४० चा फोटो १४० च्या चौकटीत मावत नाही, त्याची रुंदी १३८ करून बसतो, आणि मग एखादाच फोटो बाकीच्यांपेक्षा लहान का दिसतो हे शोधत बसावे लागते.

तक्त्याखाली Writer एक रिकामी ओळ ठेवतोच, ती पुसता येत नाही. तिचाही आकार २ करावा. नाही तर ती पानात मावली नाही की अल्बमच्या शेवटी एक कोरे पान येते.

एक पान तयार झाले. आता फोटो टाकण्याची घाई करू नये. हा रिकामा तक्ता निवडून कॉपी करावा आणि खालच्या ओळीत पेस्ट करत जावा. वीस डिझाइनांना वीस पाने. पूर्ण तक्ता तुटत नसल्यामुळे आणि पानावर जागाच न उरल्यामुळे प्रत्येक तक्ता आपोआप नव्या पानावर जातो. वीस रिकामी पाने होईपर्यंत थांबावे आणि खाली पानांचा आकडा वीसच आहे ना ते पाहावे. रिकाम्या पानात चूक दुरुस्त करणे सोपे असते.

पानाचा आकडा खाली छापायची इच्छा असेल तर ती याच वेळी सांगावी. Footer चालू केला की तो कामाच्या उंचीतून साधारण १० मिलिमीटर घेतो आणि आपल्याकडे शिल्लक फक्त ६ आहेत. मग पूर्ण तक्ता पानात मावत नाही आणि सगळी मांडणी विस्कटते. अशा वेळी फोटो १३६ बाय १०२ करावा, फोटोची ओळ १०४, माहितीची १६ आणि मधली १३, तक्त्याची रुंदी १३६. बेरीज २५३ होते आणि २५७ मध्ये ती मावते. मी स्वतः पानाचा आकडा टाकत नाही. गिऱ्हाईक पान नंबर सांगत नाही, डिझाइन नंबर सांगतो.

फोटोंकडे वळू. एका पानावर दोनच का, चार का नाहीत, असे माझ्या पुतण्याने विचारले होते. लुंगीचा सौदा दोन गोष्टींवर ठरतो, पूर्ण कापड आणि किनार. मी वर पूर्ण लुंगी पसरून काढलेला फोटो ठेवतो आणि खाली त्याच लुंगीची किनार जवळून, शेजारी फूटपट्टी ठेवून. पट्टीमुळे चौकडीचे घर अर्ध्या इंचाचे की पाऊण इंचाचे हे गिऱ्हाईकाला न विचारता कळते. चार फोटो केले तर फोनच्या पडद्यावर किनार दिसतच नाही. साडीवाल्यांनी वर पदर आणि खाली अंग ठेवावे, चादरवाल्यांनी आपल्या मालाप्रमाणे ठरवावे. पण जे ठरवाल ते सगळ्या पानांवर तेच असावे.

फोटो कॉम्प्युटरवर आणले की आधी त्यांची नावे बदलावीत : 001, 002, 003 असे पुढे 040 पर्यंत. पुढचे शून्य सोडू नये. नुसते 1, 2, 3 लिहिले तर काही ठिकाणी कॉम्प्युटर 1 नंतर 10 आणि 11 लावतो, 2 त्यांच्या मागे जातो, आणि ओळीने फोटो उचलणाऱ्याचा हात चुकतो. पूर्ण लुंगीला विषम आकडा, किनारीला सम. म्हणजे विषम आकडा नेहमी पानाच्या वरच्या घरात आणि सम खालच्या घरात यायलाच हवा. सातव्या पानावर 013 वर आणि 014 खाली. कुठे सम आकडा वर दिसला की तिथे किंवा त्याआधी घोटाळा झाला आहे.

फोटो चौकटीत टाकला की त्यावर उजवे बटण दाबून Anchor मध्ये As Character निवडावे, म्हणजे तो घरातून बाहेर तरंगत नाही. मग Properties मध्ये Keep ratio ची खूण ठेवून रुंदी 14.00 लिहावी. उंची आपोआप 10.50 आली पाहिजे. वेगळी आली तर फोटो चारास तीन नाही, फोनने तो लांबट काढला आहे. अशा वेळी Keep ratio काढून उंची जबरदस्तीने 10.50 लिहिण्याचा मोह होतो. तो कापडवाल्याने तरी टाळावा. चौकोनी चौकडी त्यामुळे आयताकृती दिसते, बुट्टी चेपटी दिसते, आणि माल पोचल्यावर गिऱ्हाईक म्हणते की हा तो माल नाही. त्याचे म्हणणे खरेच असते. फोटो फोनमध्येच चारास तीन प्रमाणात कापून घ्यावा. उभाच फोटो घ्यावा लागला तर उंची 10.50 ठेवून रुंदी जी येईल ती, साधारण 7.88, येऊ द्यावी आणि बाजूला कोरी जागा राहू द्यावी.

फोटोऐवजी त्याची एक पातळ पट्टीच दिसते, अशी अडचण काहींना येते. त्या ओळीला Line Spacing मध्ये Fixed लागलेले असते. ते Single केले की फोटो पूर्ण दिसतो.

माहितीच्या दोन ओळींत काय लिहावे? पहिल्या ओळीत डिझाइन नंबर आणि रंग, दुसऱ्या ओळीत पन्ना, लांबी आणि सुताचा प्रकार. उदाहरणार्थ, वर "डिझाइन 214, निळी चौकडी" आणि खाली "पन्ना ५० इंच, लांबी २ मीटर, सुती". खालच्या फोटोखालीही डिझाइन नंबर पुन्हा लिहावा, "डिझाइन 214, किनार" असा. गिऱ्हाईक पूर्ण पान पाठवत नाही, जो फोटो आवडला त्याचाच स्क्रीनशॉट काढून पाठवतो. माहिती फोटोला लागून असेल तर ती त्या चित्रात आपोआप येते. डिझाइन नंबर मी मुद्दाम इंग्रजी आकड्यांत लिहितो, कारण पीडीएफमध्ये नंबर शोधताना गिऱ्हाईक फोनवर 214 असे टाइप करतो आणि तिथे २१४ लिहिलेले असेल तर ते सापडेलच असे नाही.

रेट अल्बमात लिहू नये, असे माझे मत आहे. पीडीएफ एकाकडून दुसऱ्याकडे जात राहते आणि सुताचा भाव मात्र तसाच राहत नाही. दोन वर्षांपूर्वीचा अल्बम दाखवून जुन्या भावाने माल मागणारे मला भेटले आहेत. रेटचा कागद वेगळा, त्यावर तारीख घालून द्यावा.

काही गिऱ्हाईकांसाठी मी दुसरी ओळ उर्दूत लिहितो. माझे शिक्षण उर्दूतून झालेले, म्हणून वाटले की हे तर सोपे काम. पण दोन गोष्टी आडव्या आल्या. उर्दू उजवीकडून चालते, आणि त्याच ओळीत LC-214 असा नंबर लिहिला की तो भलत्याच बाजूला उडी मारतो. म्हणून नंबर पहिल्या ओळीत एकटा आणि उर्दू दुसऱ्या ओळीत एकटी. दुसरी गोष्ट नस्तालिकची. तिची अक्षरे तिरकी उतरत असल्याने एका ओळीला देवनागरीपेक्षा बरीच जास्त उंची लागते. १६ मिलिमीटरच्या घरात खालचे नुक्ते कापले गेले आणि शब्द वाचता येईना. माहितीचे घर १८ केले आणि मधली जागा १५ वरून ११ वर आणली. बेरीज तीच २६१ राहिली आणि नुक्तेही परत आले.

सगळे झाले की File, Export As, Export as PDF. फोनचा एकेक फोटो तीन-चार एमबीचा असतो, चाळीस फोटोंचे सव्वाशे-दीडशे एमबी होतात, आणि इतकी फाईल गिऱ्हाईक उघडतच नाही. म्हणून JPEG compression मध्ये Quality 90 ठेवावी आणि Reduce image resolution ची खूण करून 200 DPI लिहावे. १४० मिलिमीटर म्हणजे साडेपाच इंच, त्यात दोनशेच्या हिशेबाने साधारण अकराशे ठिपके येतात. फोनवर पाहायला ते भरपूर आहेत आणि फाईल दहा-पंधरा एमबीच्या आसपास उतरते. किनारीतला धागा न् धागा दाखवायचा असेल किंवा अल्बम छापायचा असेल तर 300 घ्यावे. Writer ची मूळ फाईल मात्र गिऱ्हाईकाला पाठवू नये. त्याच्या फोनमध्ये आपला फाँट नसेल तर मांडणी बदलते. पीडीएफमध्ये फाँट सोबत जातो, म्हणून ती सगळीकडे सारखीच दिसते.

पाठवण्याआधी मी पीडीएफ दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर उघडतो. पाने वीस आहेत का ते पाहतो. एकवीस असतील तर शेवटचे पान कोरे आहे किंवा मध्ये एखादा तक्ता दोनदा पेस्ट झाला आहे. मग भराभर पाने उलटतो. फोटो एकाच जागी राहिले आणि फक्त कापड बदलत गेले तर अंतर बरोबर आहे. एखाद्या पानावर फोटो उडी मारल्यासारखा वाटला तर त्या घराची उंची तपासतो. शेवटी पुतण्या गोदामात ताके हातात घेऊन नंबर मोठ्याने वाचतो आणि मी पीडीएफमध्ये तो नंबर शोधून कापड सांगतो. "दोनशे चौदा?" "निळी चौकडी, लाल किनार." वीस डिझाइनांना पंधरा मिनिटे लागतात. छापणाऱ्याला एवढे सांगतो की प्रिंट करताना Fit to page नाही, Actual size निवड.